लॅक ऑपेरॉन : जीवाणूच्या जनुकांवरचे कुलूप

ई. कोलाय हा माणसाच्या आतड्यात राहणारा जीवाणू खाण्याच्या बाबतीत चोखंदळ आहे. ग्लुकोज मिळत असेल, तर तो दुसऱ्या साखरेकडे वळत नाही. ग्लुकोज आणि लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, अशा दोन्ही साखरा घातलेल्या द्रवात त्याला वाढवले, तर ग्लुकोज संपेपर्यंत त्याची संख्या भराभर वाढते. मग वाढ थबकते. काही वेळाने ती पुन्हा सुरू होते, पण आता लॅक्टोजवर. फ्रेंच शास्त्रज्ञ झाक मोनो यांनी 1941 मध्ये या दोन टप्प्यांच्या वाढीचे वर्णन केले. मधल्या खंडात पेशीत काय घडते, या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जनुकांच्या नियंत्रणाचा पहिला नीट समजलेला नमुना हाती आला.

लॅक्टोज म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साखरांची जोडी. ती तोडण्यासाठी बीटा-गॅलॅक्टोसिडेज हे विकर लागते. लॅक्टोज नसताना पेशीत या विकराचे मोजके रेणू असतात. ग्लुकोज नाही आणि लॅक्टोज भरपूर आहे, अशा द्रवात तीच पेशी गेली, की काही मिनिटांत विकर तयार होऊ लागते आणि त्याचे प्रमाण हजारपटीच्या आसपास वाढते. त्याच्याबरोबर पर्मिएज हे लॅक्टोज पेशीत ओढून घेणारे प्रथिन आणि ट्रान्सअ‍ॅसिटिलेज हे तिसरे विकरही वाढते. तिन्ही एकदम वाढतात, कारण त्यांची जनुके डीएनएवर शेजारी-शेजारी आहेत आणि तिन्हींची नक्कल आरएनएच्या एकाच पट्टीवर उतरते. असा एकत्र चालू-बंद होणारा जनुकांचा गट आणि त्याच्या नियंत्रणाच्या जागा मिळून ऑपेरॉन होतो.

नक्कल उतरवणारे विकर, आरएनए पॉलिमरेज, जनुकांच्या अलीकडे असलेल्या प्रवर्तक या जागेवर बसते. तिच्या लगतच ऑपरेटर नावाचा डीएनएचा लहानसा तुकडा आहे. लॅक्टोज नसताना दमनक हे प्रथिन ऑपरेटरला घट्ट चिकटून बसते आणि नक्कल सुरू होऊ देत नाही. दमनकाचे स्वतःचे वेगळे जनुक आहे. ते कायम चालू असते, पण अगदी मंद, त्यामुळे पेशीत दमनकाचे साधारण दहाच रेणू असतात. लॅक्टोज आत आले, की त्यातल्या काहीचे रूपांतर अ‍ॅलोलॅक्टोज या जवळच्या साखरेत होते. ती दमनकाला चिकटते, त्याचा आकार बदलतो आणि ऑपरेटरवरची त्याची पकड सुटते. कुलूप उघडते आणि तिन्ही जनुकांचे काम सुरू होते.

यात एक पेच आहे. लॅक्टोज आत यायला पर्मिएज हवे आणि त्याचे अ‍ॅलोलॅक्टोज व्हायला बीटा-गॅलॅक्टोसिडेज हवे; पण कुलूप उघडल्याशिवाय ही दोन्ही तयार होणार नाहीत. मग पहिल्यांदा कुलूप उघडते कसे? त्याचे उत्तर असे, की हे कुलूप पुरते घट्ट नाही. दमनक अधूनमधून ऑपरेटरवरून निसटतो आणि तेवढ्या वेळात एखाद-दुसरी नक्कल उतरते. त्यातून बनलेले मोजके रेणू सुरुवातीला पुरतात.

हे सारे चित्र दमनक कोणाच्याही हाती लागण्याआधीच मांडले गेले होते. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मोनो आणि फ्रान्स्वा झाकोब यांनी बिघडलेल्या जीवाणूंवरून त्याचा माग काढला. काही जीवाणू लॅक्टोज नसतानाही बीटा-गॅलॅक्टोसिडेज बनवत राहतात. आजच्या प्रयोगशाळेत ते नजरेला दिसतात. या विकराने तुटल्यावर निळा होणारा एक पदार्थ आगारच्या थरात मिसळला, तर निरोगी जीवाणूंचे ठिपके पांढरे राहतात आणि कुलूप बिघडलेल्यांचे निळे होतात. पण बिघाड दोन ठिकाणी असू शकतो. दमनकाचे जनुक मोडलेले असेल किंवा दमनक जिथे बसतो ती ऑपरेटरची जागा बदललेली असेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

ते ओळखण्यासाठी पेशीला डीएनएच्या या भागाची दुसरी, निरोगी प्रत दिली जाते. बिघाड दमनकाच्या जनुकात असेल, तर नव्या प्रतीवरून चांगला दमनक बनतो, पेशीभर फिरतो, जुन्या प्रतीच्या ऑपरेटरवरही जाऊन बसतो आणि विकराचे उत्पादन थांबते. बिघाड ऑपरेटरमध्ये असेल, तर कितीही चांगला दमनक आला, तरी त्याला जुन्या प्रतीवर बसायला जागा नाही. त्या प्रतीची जनुके चालूच राहतात, नव्या प्रतीची मात्र बंद होतात. म्हणजे दमनक हा पेशीत फिरणारा पदार्थ आहे आणि ऑपरेटर ही केवळ एक जागा आहे. तिचा परिणाम तिला जोडलेल्या जनुकांपुरताच असतो. झाकोब आणि मोनो यांनी हा सिद्धांत 1961 मध्ये सविस्तर मांडला. 1965 चे नोबेल पारितोषिक त्या दोघांना आंद्रे ल्वोफ यांच्यासह मिळाले.

दमनक प्रत्यक्ष सापडला 1966 मध्ये. हार्वर्डमध्ये वॉल्टर गिल्बर्ट आणि बेनो म्युलर-हिल यांनी जीवाणूंचा अर्क बारीक छिद्रांच्या पिशवीत भरला आणि ती आयपीटीजी या किरणोत्सारी केलेल्या रेणूच्या द्रावणात ठेवली. आयपीटीजी अ‍ॅलोलॅक्टोजसारखेच कुलूप उघडते, पण पेशी ते पचवू शकत नाही. लहान रेणू पिशवीतून मोकळेपणी आत-बाहेर जातात, मोठी प्रथिने आतच राहतात. पिशवीच्या आत आयपीटीजी बाहेरपेक्षा थोडे जास्त भरले, म्हणजे त्याला धरून ठेवणारे काहीतरी आत होते. तोच दमनक.

तरीही मोनो यांच्या पहिल्या कोड्याचे उत्तर यात नाही. ग्लुकोज असताना लॅक्टोजही समोर असते, मग कुलूप का उघडत नाही? कारण ग्लुकोज दोन बाजूंनी आड येते. ते आत घेतले जात असताना पर्मिएज रोखले जाते. लॅक्टोज आतच येत नाही आणि दमनक जागेवर बसून राहतो. शिवाय लॅक ऑपेरॉनचा प्रवर्तक स्वभावतः कमकुवत आहे. तिथे पॉलिमरेजला नीट बसायला कॅप या प्रथिनाची मदत लागते आणि कॅप काम करते ते चक्रीय एएमपी हा लहान रेणू जोडीला असला तरच. ग्लुकोज मुबलक असताना चक्रीय एएमपीचे प्रमाण कमी राहते. म्हणून जनुके पूर्ण जोराने चालायला दोन अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात : लॅक्टोज हवे आणि ग्लुकोज नको. ग्लुकोज संपल्यावरचा खंड म्हणजे कुलूप उघडून नवी विकरे पुरेशी साठेपर्यंतचा वेळ.

सगळी जनुके मात्र अशीच चालत नाहीत. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणारी जनुके ई. कोलायमध्ये उलट वागतात : तिथे ट्रिप्टोफॅन साठले, की त्याच्या जोडीने दमनक ऑपरेटरवर बसतो आणि उत्पादन थांबते. अरॅबिनोज या साखरेच्या जनुकांना तर नुसता अडसर दूर होऊन भागत नाही. साखर चिकटलेले नियंत्रक प्रथिनच त्यांना चालू करते. माणसाच्या पेशीत डीएनए प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि एकेका जनुकावर अनेक प्रथिने मिळून नियंत्रण ठेवतात. पण डीएनएच्या ठरावीक जागेवर बसणारे प्रथिन जनुक चालू किंवा बंद ठेवते, ही गोष्ट तिथेही खरी आहे आणि ती प्रथम स्पष्ट झाली ती दुधातली साखर पचवणाऱ्या या तीन जनुकांवरून.