एका दमात की दम खाऊन?

वयाची चाळिशी ओलांडली की माणसाला दोन गोष्टींपैकी एकीचा नाद लागतो, असे आमच्या महाविद्यालयातील एक ज्येष्ठ स्नेही म्हणत असत. एक अध्यात्माचा, दुसरा प्रकृतीचा. मला दुसरा लागला. गेली तीन वर्षे, पावसाचा अगदीच कहर नसेल तर, मी पहाटे कळंब्याच्या तलावाकडे धावत जातो. घरापासून तलावाच्या बांधापर्यंत, बांधावर दोन-चार येरझाऱ्या आणि पुन्हा घर असे रविवारचे माझे बरोबर दहा किलोमीटर भरतात. एका बाजूला संस्थानी काळापासून कोल्हापूरला पाणी पाजणारा तलाव, दक्षिणेला कात्यायनीच्या बाजूचे डोंगर आणि बांधावर फिरायला आलेली निम्मी ओळखीची मंडळी. मराठीच्या प्राध्यापकाला याहून अधिक काय हवे?

पण माणसाचे समाधान टिकत नाही. गेल्या वाढदिवसाला मुलीने मला धावण्याचे घड्याळ भेट दिले आणि तेव्हापासून मी पळण्यापेक्षा आकडेच अधिक पाहू लागलो.

या आकड्यांत पेस नावाचा एक आकडा सर्वांत लाडका असतो. पेस म्हणजे एक किलोमीटर कापायला किती मिनिटे लागली, तो हिशेब. मोटारीचा वेग जितका जास्त तितका चांगला. पेसचे उलटे, आकडा जितका लहान तितका धावणारा जलद. माझे घड्याळ मला दर रविवारी ६:३० असा पेस दाखवी. म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटे. पंचेचाळिशीच्या मास्तराला हे वाईट नाही, असे मी स्वतःला सांगे. आणि खोटे कशाला बोलू, इतरांनाही सांगे.

या भरवशावर मी आपल्याच शहरातल्या एका अर्ध-मॅरेथॉनला नाव दिले. अंतर २१.१ किलोमीटर. साडेसहा मिनिटांनी गुणले की २ तास १७ मिनिटे होतात. मी घरी जाहीर करून टाकले, “सहाला सुटणार, आठ वाजून सतरा मिनिटांनी पोचणार. तुम्ही दोघी सव्वाआठला शेवटच्या रेषेपाशी या.”

दोघी सव्वाआठला आल्या. साडेआठ झाले, माझा पत्ता नाही. पुढे काय झाले ते मला नंतर कळले. सौ. मदतकेंद्रावर जाऊन रुग्णवाहिकेतून कोणी चष्मेवाले गृहस्थ आणले आहेत का, हे दोनदा विचारून आली होती. आठ-चाळीस होत आले तेव्हा मी लंगडत, पण पळत, रेषा ओलांडली. मुलगी रडवेली झाली होती. सौ. एवढेच म्हणाली, “अहो, तुमचं गणित कच्चं आहे हे आधी सांगायचं होतंत!”

गणित कच्चे नव्हते, वाचकहो. मी गुणाकार बरोबर केला होता. ज्याचा गुणाकार केला तो आकडाच दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होता.

त्या दिवशी प्रमाणपत्रावर वेळ पडली २ तास ३८ मिनिटे १५ सेकंद, म्हणजे किलोमीटरला ७:३०. मनगटावरच्या घड्याळात मात्र ७:०४. यंत्र तेच, पाय तेच, रस्ता तोच, आणि किलोमीटरमागे सव्वीस सेकंदांची तफावत! संध्याकाळी मी घड्याळाची सारी पाने उलगडून बसलो. तेव्हा Moving Time आणि Elapsed Time अशा दोन ओळी दिसल्या. मराठीत मी त्यांना धावता वेळ आणि सरलेला वेळ म्हणतो. सरलेला वेळ म्हणजे सुरुवातीचे बटण दाबल्यापासून शेवटचे दाबेपर्यंत जगात जेवढा काळ गेला तेवढा. धावता वेळ म्हणजे त्यातून उभे राहिल्याचा काळ वजा करून उरलेला. ही वजाबाकी करणारी सोय म्हणजे Auto Pause. आपण थांबलो की घड्याळ टिक् करून मोजणे थांबवते, चालू लागलो की पुन्हा सुरू करते. माझ्या घड्याळात ती चालू होती, आणि पेस ते धावत्या वेळावरूनच काढत होते.

शर्यतीत मी पाण्याच्या टेबलांपाशी उभा राहून पाणी प्यालो, एकदा पोटरीत गोळा आला म्हणून कडेला थांबलो. या सगळ्याची ७ मिनिटे ५ सेकंद घड्याळाने उदारपणे माफ केली. स्पर्धेचे घड्याळ कोणालाही माफ करत नाही. छातीवरच्या क्रमांकाला चिकटवलेली चिप सुरुवातीच्या चटईवर एकदा नोंदली जाते, शेवटच्या चटईवर पुन्हा, आणि मधला सगळा वेळ आपल्या नावावर चढतो.

सव्वीसपैकी वीस सेकंद या माफीचे. उरलेले सहा सेकंद अंतराने खाल्ले होते. आयोजकांचे अंतर २१.१, माझ्या घड्याळाचे २१.४. स्पर्धेचा रस्ता वळणावर सर्वांत जवळच्या रेषेने मोजतात; मी गर्दीतून वाट काढत बाहेरून गेलो होतो. शिवाय उपग्रहावरून जागा ठरवताना थोडी डावी-उजवी चूक होते आणि सरळ रस्ताही घड्याळाला किंचित नागमोडी दिसतो. वेळ कमी आणि अंतर जास्त, दोन्ही बाजूंनी पेस गोड झाला.

मग मी जुन्या रविवारांकडे वळलो. शर्यतीच्या आदल्या पंधरवड्यातला एक रविवार घेतला. अंतर दहा किलोमीटर, धावता वेळ १ तास ५ मिनिटे, म्हणून पेस ६:३०. सरलेला वेळ १ तास १३ मिनिटे २० सेकंद, म्हणून खरा धरला तर पेस ७:२०. मधली ८ मिनिटे २० सेकंद कुठे गेली? आठवून लिहिले: चौकात वाहने जाईपर्यंत १ मिनिट १० सेकंद, बांधावर पाणी आणि पाय ताणणे २ मिनिटे ४० सेकंद, बुटाची नाडी ४० सेकंद, पाण्यावरच्या पक्ष्यांचा फोटो ५० सेकंद, आणि वस्तादांशी गप्पा तीन मिनिटे.

हे वस्ताद म्हणजे बांधावरचे आमचे रोजचे स्नेही. तरुणपणी तालमीत उतरलेले, आता सत्तरी गाठलेले. मी त्यांना हा सगळा हिशेब ऐकवला. ते शांतपणे म्हणाले, “मास्तर, तालमीत पोरगं सांगायचं, दोनशे जोर मारले. आम्ही इचारायचो, एका दमात, का दम खाऊन? दोन्ही खरंच असतंय की. पर ते एक न्हवं.”

मी शाळेपासून शब्दांचे अर्थ सांगत आलो, पण ‘दम खाणे’ याचा अर्थ त्या सकाळी मला कळला. माझा समज असा होता की थांबलेला वेळ वजा केला की निखळ धावणे उरते. तसे नसते. तीन मिनिटे गप्पा मारताना छातीचे ठोके खाली येतात, श्वास जाग्यावर येतो, पाय हलके होतात. आणि त्या ताजेपणावर पुढचा किलोमीटर जलद जातो. घड्याळ विश्रांतीचा खर्च वगळते, पण विश्रांतीने दिलेला फायदा मात्र जमेला धरते. एसटीचा चालक सांगतो, साताऱ्याचा थांबा सोडला तर आपण पुण्याला अमुक वेळात पोचलो. प्रवासी मात्र थांब्यासकट पोचतो. आणि थांब्यात इंजिन निवते, चालकाला चहा मिळतो, हेही हिशेबात हवेच.

मग माझा खरा पेस कोणता, ६:३० की ७:२०? पुढच्या रविवारी मी Auto Pause बंद केले, पाणी कमरेला बांधले, चौक टाळून आडवाटेने गेलो आणि वस्तादांना लांबूनच हात केला. दहा किलोमीटर एका दमात. वेळ १ तास ११ मिनिटे ४० सेकंद, पेस ७:१०. उत्तर दोहोंच्या मध्ये पडले. एकाच दिवसाचा प्रयोग आहे, त्याला शास्त्र म्हणू नये. पण धावत्या वेळाचा पेस माणसाला फुगवतो आणि सरलेल्या वेळाचा थोडा अन्याय करतो, एवढे दिसले. दहाला ७:१० असलेला माणूस एकवीस किलोमीटरला ७:३० ने पोचला, यात आता मला काही नवल वाटत नाही.

याचा अर्थ ही सोय वाईट असा नाही. शहरात चौकाचौकांत थांबावे लागते आणि सेकंद वाचवण्यासाठी वाहनांसमोर धावणे हा शुद्ध वेडेपणा आहे. अशा वाटेवर आजची धाव कालच्या धावेशी ताडून पाहायची तर धावता वेळच सोयीचा. फक्त त्या यंत्राचा स्वभाव ठाऊक हवा. वेग ठराविक मर्यादेखाली गेला की ते ‘थांबला’ असे समजते. त्यामुळे चढावर आपण हळूहळू पावले टाकत असलो, किंवा दाट झाडीत उपग्रहाची खूण हरवली, तर चालत्या माणसालाही ते उभे ठरवते. उलट सोय बंद ठेवून फार वेळ उभे राहिलो तर जागेची चूक साचून जागच्या जागी काही मीटर अंतर वाढलेले दिसते.

सोय बंद केली म्हणजे प्रश्न सुटला असेही नाही. स्ट्राव्हासारखे ॲप धावेच्या नोंदीतून थांबे स्वतःच शोधून धावता वेळ काढते आणि पेस त्यावरून दाखवते. मात्र तीच धाव Race म्हणून नोंदवली तर ते सरलेला वेळ धरते. म्हणजे ॲप बनवणाऱ्यांनाही वस्तादांचा प्रश्न ठाऊक आहे!

तेव्हा कोणी पेस सांगितला तर शेजारची दुसरी ओळही पाहावी. दोन वेळांत मिनिट-अर्ध्या मिनिटाचा फरक असेल तर कोणताही आकडा चालेल. दहा किलोमीटरला आठ मिनिटांचा असेल, तर त्या पेसवर शर्यतीची वेळ बांधू नये.

येत्या हिवाळ्यात मी पुन्हा त्याच शर्यतीत उतरणार आहे. या खेपेस घरी सांगून ठेवले आहे, पावणेनऊच्या आधी येऊ नका. सौ.ने विचारले, “हे थांब्यांसकट का?”

“थांब्यांसकट,” मी म्हणालो.

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, “तोवर मी घरी चहा तरी एका दमात घेईन.”