लाडू सात रुपयांचा, खर्च माणसांचा

मुंबईतल्या झोपडवस्त्यांमध्ये 2006 ते 2012 या काळात पोषणाची एक मोठी चाचणी झाली. गरोदर राहण्यापूर्वीपासून बाईने पालेभाजी, फळे आणि दुधाचा खाऊ रोज खाल्ला, तर बाळाचे जन्मवजन वाढते का, हे त्यात पाहायचे होते. नाव नोंदवलेल्या बायका 6,513 होत्या. त्यातल्या 2,291 गरोदर राहिल्या आणि शेवटी जन्मानंतर वेळेत मोजमाप झालेली बाळे भरली 1,360. सर्व बाळांचा एकत्रित विचार केला तर वजनात ठळक फरक दिसला नाही. गर्भधारणेआधी किमान तीन महिने खाऊ सुरू झालेल्या बायकांच्या बाळांचे वजन मात्र सरासरी 48 ग्रॅमने जास्त भरले.

पोषणावरच्या संशोधनासाठी पैसे मागणाऱ्या प्रत्येकाने ही गळती डोळ्यांपुढे ठेवावी. माणसे वस्ती सोडतात, खाऊचा कंटाळा करतात, मोजमापाच्या दिवशी घरी नसतात. किती जण गळतील हे आधी कळावे म्हणून मोठ्या चाचणीपूर्वी छोटी, पायलट चाचणी करतात. त्या चाचणीच्या अर्जात दोन भाग निर्णायक असतात: प्रत्येक रुपया कशासाठी, याचे समर्थन आणि कोणते काम केव्हा होणार, याचे वेळापत्रक. तज्ज्ञ परीक्षक हे दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचतात.

एक नमुना घेऊ. समजा, पालघर जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात एक ते तीन वर्षांच्या मुलांना नाचणी, शेंगदाणे आणि गुळाचा लाडू द्यायचा आहे. पाडे आठ, मुले 120. चार पाड्यांवरच्या 60 मुलांना लाडू मिळेल. उरलेल्या 60 मुलांना अंगणवाडीचा नेहमीचा आहार चालू राहील, तो लाडवाच्या पाड्यांवरही बंद होणार नाही. लाडू आठवड्यातून सहा दिवस, वीस आठवडे, म्हणजे 120 दिवस द्यायचा. एकूण लाडू झाले 7,200. बचत गटाकडून एक लाडू सात रुपयांना पडतो असे धरले, तर खर्च येतो 50,400 रुपये.

इथेच पहिली चूक होते. लाडू एका मुलाच्या नावाने घरी गेला की तो एकट्याच्या वाट्याला राहत नाही. थोरली बहीण शेजारी बसलेली असताना आई धाकट्यालाच खायला घालील, ही अपेक्षा कागदावरच ठीक. म्हणून जाणता अर्जदार भावंडांसाठी वीस टक्के जादा लाडू धरतो आणि तसे स्पष्ट लिहितो. हे 1,440 लाडू, म्हणजे 10,080 रुपये, परीक्षकाला उधळपट्टी वाटत नाहीत. मुलाच्या पोटात नेमके किती गेले हे कळण्यासाठीचा तो खर्च आहे. आता खाऊचा आकडा 60,480 वर गेला.

पगाराची ओळ याहून फार मोठी असते. दोन क्षेत्र कार्यकर्त्या, प्रत्येकी महिना वीस हजार, अकरा महिने म्हणजे 4,40,000 रुपये. खाऊच्या सातपटीहून जास्त. देणगीदाराला हे खटकते. पैसा मुलांच्या तोंडी जावा असे त्याला वाटते आणि ते वाटणे स्वाभाविकच आहे. पण नुसते लाडू वाटायचे असतील तर त्यासाठी चाचणी लागत नाही. मुलाने लाडू पूर्ण खाल्ला, अर्धा टाकला की घरी नेला, हे रोज समोर बसून नोंदवणारे माणूस नसेल, तर शेवटी वजन न वाढल्यावर लाडू निरुपयोगी होता की पोटात गेलाच नव्हता, हे सांगता येत नाही. पगाराचे समर्थन याच वाक्यात मांडायला हवे. ‘कर्मचारी आवश्यक’ एवढे लिहिलेल्या ओळीला परीक्षक बिनदिक्कत कात्री लावतात.

मोजमापाचेही तसेच. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे झोपवून मोजतात, दोन वर्षांपुढच्याची उंची उभे करून. झोपवून घेतलेले माप सुमारे 0.7 सेंटिमीटर जास्त भरते. चाचणी चालू असताना दोन वर्षे पूर्ण केलेल्या मुलाची पद्धत न सांगता बदलली, तर मूल खुरटल्यासारखे दिसते. म्हणून वजनकाटा आणि लांबी मोजायची फळी यांच्या किमतीखाली प्रशिक्षणाची वेगळी ओळ असते. दोन्ही कार्यकर्त्यांनी तीच दहा मुले दोन-दोनदा मोजायची, आधीचा आकडा न पाहता. त्यांच्या मापांत फार तफावत निघाली, तर सराव पुन्हा. आणि मोजताना एखाद्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरच्या खाली निघाला, तर ते मूल तीव्र कुपोषित ठरते. त्याला उपचारासाठी पोषण पुनर्वसन केंद्रात पोहोचवायचे भाडेही अंदाजपत्रकात हवे. ते नसेल तर नैतिकता समितीने अर्ज परत पाठवावा, हेच योग्य.

आता वेळापत्रक. या भागातली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. 2027 मध्ये लक्ष्मीपूजन 29 ऑक्टोबरला आहे. तेव्हा शेवटचे मोजमाप 18 ते 23 ऑक्टोबरच्या आठवड्यात उरकावे लागेल. तिथून वीस आठवडे मागे मोजले की पहिला लाडू 7 जूनला, सोमवारी हातात पडायला हवा. त्याआधी मे महिन्याच्या अखेरीस, परतलेल्या घरांतल्या मुलांचे पहिले मोजमाप. एप्रिलमध्ये चव पाहणे आणि सराव. फेब्रुवारीत कार्यकर्त्यांची नेमणूक. नैतिकता समितीची मंजुरी आणि महिला व बालविकास विभागाची परवानगी त्याच्याही आधी. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये नोंदणी पहिले मूल दाखल होण्यापूर्वीच करावी लागते. 2018 च्या एप्रिलपासून तिथे मागाहून नोंद घेत नाहीत.

म्हणजे समिती दोन महिने अडली, तर चाचणी नुसती दोन महिने पुढे सरकत नाही. ती दिवाळीच्या पलीकडे जाते, निम्मे पाडे रिकामे होतात आणि वर्ष हातचे जाते. चांगल्या वेळापत्रकात ही तारीख ठळक केलेली असते: अमुक दिवसापर्यंत मंजुरी नाही, तर सुरुवात पुढच्या जूनमध्ये.

पावसाळा स्वतःचा खर्चही घेऊन येतो. दमट हवेत शेंगदाण्याला बुरशी धरते आणि तिच्यातून घातक विष तयार होऊ शकते. लाडू महिन्याचे एकदम वळून ठेवता येत नाहीत. ते दोन-तीन दिवसांपुरतेच करायचे, म्हणून हवाबंद डबे हवेत आणि फेऱ्याही जास्त.

सर्वात मोठा धोका हप्त्यांचा. सरकारी अनुदानात पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा सहसा सुटत नाही आणि ते लेखापरीक्षणात अडकू शकते. ऑगस्टमध्ये पैसे संपले, तर बचत गट उधारीवर किती दिवस लाडू वळणार? तीन आठवड्यांचा खंड पडला की 18 दिवसांचा खाऊ गेला आणि नोंदींत तो मुलांच्या अनास्थेसारखा दिसू लागतो. म्हणून खाऊ आणि पगार ऑक्टोबरपर्यंत पहिल्याच हप्त्यातून भागतील, अशी मागणी अर्जात असावी. विश्लेषण आणि अहवाल दुसऱ्या हप्त्यावर सोडता येतो.

आणि 60 मुलांच्या वजनावरून लाडू गुणकारी की नाही हे ठरवायचे नसते, त्यासाठी संख्या अपुरी आहे. ठरवायचे ते वेगळेच, तेही पैसे मिळण्याआधी लिहून ठेवायचे. उदाहरणार्थ, लाडवाच्या पाड्यांवरच्या 60 पैकी किमान 48 मुले शेवटच्या मोजमापाला हजर असतील आणि दिलेल्या लाडवांपैकी तीन चतुर्थांश मुलांनी खाल्ल्याची नोंद असेल, तरच मोठ्या चाचणीचा अर्ज करायचा. 48 ऐवजी 35 च मुले उरली, तर पुढच्या अर्जात आधी बदलायचे ते वेळापत्रक, लाडवाची कृती नंतर.