कुर्त्यावरच्या पट्ट्या आणि केसांचं पंचांग

धाराशिव जिल्ह्यात कुणाचे केस किती वाढले हे ठरवायला एक फार जुनी तारीख हाताशी असते: तुळजापूरला जावळ काढल्याची. त्या दिवसाच्या फोटोत डोकं गुळगुळीत, म्हणजे लांबी शून्य. पुढच्या कुठल्याही फोटोत केस जितके दिसतील तितकी त्या दिवसापासूनची वाढ. माझ्या भाचीच्या बाबतीत मात्र त्या जावळाला वीस वर्षं होऊन गेली होती आणि मध्ये किती वेळा कात्री लागली याची नोंद कुणाकडेच नव्हती. तिला केस दान करायचे होते. जिथे द्यायचे होते तिथली अट 12 इंचांची, म्हणजे साधारण 30.5 सेंटिमीटर. तिचा प्रश्न साधा होता: "मामा, पार्लरची तारीख कधीची घेऊ?"

टेप लावून आजची लांबी कळते. वाढीचा वेग कळायला जुनी लांबी हवी, आणि ती फोनमधल्या फोटोत अडकलेली असते. फोटोत सेंटिमीटर नसतात. चेहऱ्याच्या मापाशी तुलना करावी तर पाठमोऱ्या फोटोत चेहराच नाही. दाराच्या चौकटीशी करावी तर चौकट तिच्या मागे दोन हात दूर, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा लहान दिसते. मोजपट्टी हवी ती केसांना अगदी चिकटून असलेली.

ती सापडली कपाटात. दसऱ्याला तिने घातलेल्या कुर्त्यावर आडव्या पट्ट्या होत्या. कुर्ता पलंगावर पसरून दहा पट्ट्यांचं अंतर मोजलं, तर नेमकं 20 सेंमी. म्हणजे दर पट्टीला 2 सेंमी. केस पाठीवर, पाठीवर कुर्ता, दोन्ही एकाच पातळीवर. मग फोटो जवळून काढलेला असो की लांबून, काही फरक पडत नाही. केस लहान दिसले तर पट्ट्याही तितक्याच लहान दिसतात. दोन वर्षांपूर्वी दुकानदाराने कापून दिलेलं कापड नकळत फूटपट्टीचं काम करत होतं, हे लक्षात आलं तेव्हा मला खरंच गंमत वाटली.

तोच कुर्ता घातलेले तीन पाठमोरे फोटो मिळाले. 12 ऑक्टोबर 2024, दसरा: गळ्याच्या शिवणीखाली केस पाचव्या पट्टीपर्यंत. 30 मार्च 2025, गुढीपाडवा: आठवी पट्टी. 2 ऑक्टोबर 2025, पुन्हा दसरा: अकरावी पट्टी. मधल्या काळात तिने केस कापले नव्हते.

दसरा ते पाडवा 169 दिवस, वाढ तीन पट्ट्या, म्हणजे 6 सेंमी. महिन्याला जेमतेम 1.1 सेंमी. भाची लगेच खूश झाली, पण इथेच थांबायला हवं. केसांचं टोक सरळ रेषेत नसतं, ते झिरमिळ्यांसारखं संपतं. पाचवी पट्टी म्हणताना साडेचार की साडेपाच, हे आपलं आपल्यालाही सांगता येत नाही. म्हणजे प्रत्येक फोटोत एक सेंटिमीटर इकडे-तिकडे. दोन्ही चुका विरुद्ध दिशेने झाल्या तर खरी वाढ 4 सेंमी असू शकते किंवा 8. महिन्याला 0.7 की 1.4? या उत्तरावर पार्लरची तारीख घेता येत नाही.

आता दसरा ते दसरा पाहू. 355 दिवस, सहा पट्ट्या, 12 सेंमी. चूक तेवढीच, दोन सेंमी, पण ती आता जवळजवळ वर्षभरावर पसरली. वेग महिन्याला 0.86 ते 1.2 सेंमीच्या मध्ये, बहुधा 1.03. फोटो तेवढाच धूसर, डोळे तेच, तरी उत्तर दुप्पट नेमकं, कारण दोन फोटोंमधलं अंतर दुप्पट झालं. माणसाचे केस महिन्याला सरासरी एक सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, त्याच्याशीही हे जुळतं.

फसवणारे फोटोही होते. पाडव्याच्या दिवशीच गुढीकडे मान वर करून पाहतानाचा एक फोटो होता. त्यात केस दीड-दोन पट्ट्या जास्त लांब दिसत होते, कारण मान मागे गेली की केस पाठीवर खाली सरकतात. नमस्काराला वाकली की उलटं. त्यामुळे समोर पाहत सरळ उभी असलेलेच फोटो घेतले. तेल लावून विंचरलेले आणि नुकतेच धुऊन मोकळे सोडलेले, अशी तुलनाही करायची नाही. तिच्या केसांत थोडे कुरळेपण आहे, धुतल्यावर ते आखडतात. तारखांचाही घोळ असतो. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात, उदाहरणार्थ `IMG-20241014-WA0007.jpg`, दिसते ती साधारणपणे तो व्हॉट्सॲपवर आल्याची तारीख, काढल्याची नव्हे. मावशीने फोटो दोन दिवसांनी पाठवला होता. सणाचा फोटो असेल तर कॅलेंडर जास्त विश्वासाचं.

शिवाय फोटोत दिसतं ते टोक, आणि वाढ होते ती मुळाशी. टोकं तुटत राहिली तर वाढ खरी असूनही फोटोत दिसत नाही. मुळाशी होणारी वाढ कशी दिसते हे समजायला ताईची मेंदी कामाला आली. तिच्या पिकल्या केसांवर मेंदी लावली की लाल आणि पांढऱ्याची सीमा टाळूपासून खाली सरकत जाते, टोकाला कात्री लागो वा न लागो. मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत भरभर विभागणाऱ्या पेशींपैकी आहेत. ती सीमा म्हणजे त्यांनी किती काम केलं याची खूण. (केमोथेरपीची औषधं भरभर विभागणाऱ्या पेशींवरच घाव घालतात, म्हणून केस गळतात, म्हणून टोप लागतात.) मेंदी किंवा रंग लावलेले केस काही ठिकाणी घेत नाहीत, तेवढं आधी विचारून घ्यावं. भाचीने काही लावलं नव्हतं.

केस कायम वाढतच राहतात असंही नाही. एकेक केस काही वर्षं, साधारण दोन ते सहा, वाढतो, मग काही महिने थांबून गळतो. ज्याची मुदत मोठी त्याचे केस लांब. गुजरातमधल्या मोडासाच्या नीलांशी पटेलचे केस 2018च्या नोव्हेंबरात 170.5 सेंमी होते आणि 2020च्या जुलैत 200, अशी गिनीजची नोंद आहे. साधारण वीस महिन्यांत 29.5 सेंमी, म्हणजे महिन्याला दीड. एवढ्या लांबीवरही वेग मंदावलेला नव्हता. भाचीच्या केसांची लांबी तर अजून कंबरेच्याही वर होती, तेव्हा वाढ थांबण्याची भीती नव्हती.

आता हिशेब. दान करायची लांबी टोकापासून वर मोजतात ती रबरबँडपर्यंत. तिच्या मानेवर रबर जिथे येतो तिथून कुर्त्याच्या शिवणीपर्यंत 4 सेंमी. त्यात दुसऱ्या दसऱ्याचे 22 मिळवले की 26 सेंमी. अट 30.5, पण कापताना रबरापासून थोडं अंतर सोडावं लागतं, म्हणून 32 धरले. तूट 6 सेंमी. बहुधाच्या वेगाने सहा महिने, म्हणजे 2026च्या एप्रिलची सुरुवात, येरमाळ्याला येडाईची चैत्र पौर्णिमेची यात्रा भरते त्या सुमाराला. सर्वांत मंद वेग धरला तर सात महिने, मेचा पहिला आठवडा.

भाचीला यात्रेआधीच मोकळं व्हायचं होतं. पण तिने आरशात पाठ दाखवली तेव्हा एक गोष्ट दिसली जी कुठल्याच फोटोत नव्हती: मागच्या थराखाली काही बटा दोन बोटं आखूड होत्या. लेअर कटच्या उरलेल्या. फोटोत दिसतं ते सर्वांत लांब टोक, अटीत मोजतात त्या आखूड बटा. आणखी तीन-साडेतीन सेंमी, म्हणजे आणखी तीन-चार महिने. तारीख ऑगस्टात गेली, आणि तो कुर्ता तोवर दान करायचा नाही असं ताईला सांगून ठेवलं.