‘सबब देयक योग्य आहे’ म्हणजे नेमकं काय?

एप्रिल आणि मे महिन्यांत विजेचं बिल सातशे-सातशे रुपये आलं, घरच्यांनी ते भरलंही. जूनचं बिल मात्र थेट 4,466 रुपये. तक्रार केल्यावर वीज कंपनीचं उत्तर येतं ते साधारण अशा भाषेत:

‘आपल्या मीटरचे रीडिंग उपलब्ध न झाल्याने माहे एप्रिल व मे ची देयके सरासरी वापरानुसार आकारण्यात आली होती. माहे जूनमध्ये प्राप्त रीडिंगनुसार स्लॅबचा लाभ देऊन व पूर्वीची रक्कम समायोजित करून देयक आकारले आहे. सबब देयक योग्य आहे.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण ग्राहकाचा प्रश्न तसाच राहतो: ‘दोन महिन्यांचे पैसे भरले असताना तेच पुन्हा मागताय का?’ हे पत्र नव्याने लिहायचं तर पहिलं वाक्य याच प्रश्नाचं उत्तर हवं. त्यानंतर हिशेब, आणि तोही ग्राहकाला स्वतः पडताळता येईल असा.

त्यासाठी लिहिणाऱ्याने आधी ग्राहकाचा रीडिंगचा तपशील समोर घ्यावा. एप्रिलच्या सुरुवातीला मीटर 4210 वर होता, जूनअखेर 4750 वर. म्हणजे तीन महिन्यांत 540 युनिट. एप्रिल-मेमध्ये घर बंद असल्याने रीडिंग मिळालं नाही आणि कंपनीने आधीच्या वापरावरून महिना 80 युनिट धरले. उन्हाळ्यात खरा वापर सरासरी महिना 180 निघाला. दर समजायला सोपे जावेत म्हणून वहन आकार धरून पहिल्या 100 युनिटला 6 रुपये आणि त्यापुढच्या 200 युनिटला 12 रुपये मानू, स्थिर आकार महिना 130 रुपये, आणि इंधन समायोजन आकार शून्य. प्रत्यक्षातले दर वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते बदलत राहतात. आता पत्र असं होईल:

‘आम्ही तुमच्याकडून एकाच विजेचे पैसे दोनदा घेतलेले नाहीत. एप्रिल-मेमध्ये अंदाजाने कमी युनिट धरले गेले होते, त्यातला फरक या बिलात आला आहे. तीन महिन्यांचे 540 युनिट आम्ही दर महिन्याला 180 असे वाटले. एका महिन्याचे 100 युनिट 6 रुपयांनी 600, उरलेले 80 युनिट 12 रुपयांनी 960; एकूण 1,560. तीन महिन्यांचे 4,680. यातून दोन बिलांत आधीच लावलेले 480 आणि 480, म्हणजे 960 रुपये वजा केले. उरले 3,720. जूनचा स्थिर आकार 130 मिळवून 3,850 झाले. यावर 16 टक्के वीज शुल्क, 616 रुपये, राज्य सरकारला जातं. एकूण 4,466 रुपये.’

पत्र लांबलं खरं, पण ‘स्लॅबचा लाभ देऊन’ या तीन शब्दांमागे काय दडलं होतं ते आता उघड झालं. वापर वाढेल तसा पुढच्या टप्प्याचा दर चढतो. सगळे 540 युनिट एकट्या जूनच्या नावावर टाकले असते तर 300 च्या पुढचे युनिट आणखी महाग टप्प्यांत गेले असते. तिथे समजा 500 पर्यंत 16 आणि त्यापुढे 18 रुपये दर असेल, तर 4,680 ऐवजी 6,920 रुपये झाले असते. वापर तीन महिन्यांचा, म्हणून टप्पेही तीन महिन्यांचे मिळायला हवेत. ही विभागणी बिलात राहून गेली असेल तर असं पत्र लिहिताना बेरीज जुळणारच नाही आणि चूक कंपनीच्याच टेबलावर सापडेल. ‘सबब देयक योग्य आहे’ एवढंच लिहिणाऱ्याला मात्र ती कधीच दिसत नाही.

शेवटच्या परिच्छेदात ग्राहकाने काय करायचं ते यावं. ‘आज मीटरवरचा आकडा पाहा. तो 4750 पेक्षा कमी दिसला तर आमचं रीडिंग चुकलं आहे. फोटो काढून पाठवा. आकडा बरोबर आहे, पण एवढा वापर झालाच नसेल असं वाटत असेल, तर मीटर तपासणीचा अर्ज द्या. उत्तर पटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालांकडे जाता येतं.’

असं पत्र आपणहून येईलच असं नाही. मोघम उत्तर हाती आलं तर ग्राहकाने लेखी दोनच गोष्टी मागाव्यात: कोणत्या तारखेच्या कोणत्या रीडिंगपासून कुठपर्यंत युनिट मोजले, आणि ते किती महिन्यांत वाटून टप्पे लावले. बाकीचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन घरीच करता येतो.