कावळ्यांना घड्याळ कोणी दिलं?

वांद्र्याच्या आमच्या घरात रविवारी सगळं उशिरा होतं. परवा तर नऊ वाजता पोटभर पोहे खाल्ले. तरी बरोबर साडेदहाला माझ्या भाचीच्या पोटात कावळे ओरडायला लागले! साडेदहाला काय असतं? शाळेत डब्याची सुट्टी. पण रविवारी ना शाळा, ना घंटा, पोटही भरलेलं. मग कावळ्यांना वेळ कळली कशी?

आपलं जठर घ्रेलिन नावाचा एक निरोप्या तयार करतं. तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो आणि सांगतो, ‘चला, खायची वेळ झाली!’ जपानच्या कोजिमा आणि कांगावा या शास्त्रज्ञांना तो 1999 मध्ये सापडला. गंमत म्हणजे ते भुकेच्या मागावर नव्हतेच. शरीराची वाढ करणाऱ्या संप्रेरकाला जागं कोण करतं, हे ते शोधत होते.

तुम्ही म्हणाल, पोट रिकामं झालं की घ्रेलिन वाढत असेल. तेवढंच असतं, तर उपाशी माणसाची भूक तासातासाला वाढतच गेली असती. आमच्या आजीला विचारा. संकष्टीला तिला दुपारी एकला कडकडून भूक लागते आणि तीनला ती म्हणते, “आता भूक मेली गं!” मधे तिने काही म्हणजे काही खाल्लेलं नसतं.

आजीचं हे म्हणणं व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी रक्तात पाहिलं. 2005 मध्ये त्यांनी आपला अभ्यास छापला. काही निरोगी मोठी माणसं दिवसभराहून जास्त वेळ उपाशी राहिली आणि डॉक्टर थोड्या थोड्या वेळाने त्यांचं रक्त तपासत राहिले. नेहमीच्या जेवणाची वेळ आली की घ्रेलिन चढायचं. ताट आलं नाही, तरी थोड्या वेळाने आपसूक उतरायचं आणि पुढच्या जेवणाच्या वेळी पुन्हा चढायचं. (हा प्रयोग मोठ्यांचा आहे. तुम्ही डबा खा!)

म्हणजे घ्रेलिन नुसतं रिकामं पोट बघत नाही, ते वेळही बघतं. शरीराचं मुख्य घड्याळ मेंदूत असतं आणि ते उजेडावर लागतं. पण उंदरांच्या जठरात घ्रेलिन बनवणाऱ्या पेशींमध्येही छोटी घड्याळं सापडली आहेत, आणि ती लागतात खाण्याच्या वेळांवर. रोज ठरल्या वेळी खाणं आलं, की पेशी आधीच तयारीला लागतात.

अर्थात भूक एकट्या घ्रेलिनच्या हातात नाही. स्टेशनबाहेर वड्याचा घाणा तेलात पडला, की नाक कुठल्याच घड्याळाला जुमानत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत भाची साडेअकराला खाते. पहिले काही दिवस कावळे साडेदहालाच येतात, मग हळूहळू नवी वेळ शिकतात. जूनमध्ये शाळा सुरू होते, साडेदहाला डबा उघडतो तेव्हा कावळे गाढ झोपलेले. आणि साडेअकराला, ऐन गणिताच्या तासाला, काव काव!