गुरुवारची एंट्री

चाकणच्या एका कारखान्याचं २०२३-२४ चं ऑडिट. वर्षभरातल्या हाताने केलेल्या जर्नल एंट्र्या सुमारे चौदा हजार. सुरुवातीच्या शिलकेत सगळ्या एंट्र्या मिळवून अखेरची शिलक येते का, हे आधी जुळवलं. अर्धवट डेटावरच्या चाचणीला अर्थ नसतो. मग आमच्या आर्टिकल मुलीने रविवारच्या एंट्र्या शोधल्या आणि स्क्रीन भरून गेला.

कारण साधं होतं. ३१ मार्च २०२४ रविवारी आला होता, त्यामुळे वर्षअखेरीची प्रत्येक नोंद रविवारची दिसत होती. तिने घेतली होती ती `BUDAT`, म्हणजे हिशेबात धरायची तारीख. ती टाकणारा स्वतः निवडतो. एंट्री खरोखर कधी टाकली हे `CPUDT` सांगते आणि ती सॅप स्वतः नोंदवतं. शिवाय चाकणला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, हे बाहेरच्या कुठल्याच तयार चाचणीला ठाऊक नसतं. तारीख बदलली, वार बदलला आणि उरल्या ६३ एंट्र्या.

त्यांतल्या लाखाच्या पटीतल्या वेगळ्या काढायला एक ओळ पुरली:

```
=MOD(ABS(D2),100000)=0
```

नऊ निघाल्या. आठ तरतुदी होत्या: वीजबिल, बोनस, वाहतूक. बिल हाती नसताना अंदाज गोलच धरतात, त्यात वावगं काही नाही. नववी मात्र १८ एप्रिलला, गुरुवारी रात्री टाकलेली, ३१ मार्चच्या तारखेने. दुरुस्ती-देखभाल खर्चातून २५,००,००० काढून उभारणी चालू असलेल्या यंत्रसामग्रीत टाकले होते. तपशिलात एवढंच: ‘सूचनेनुसार’.

खर्च असा मालमत्तेत गेला की नफा तेवढाच फुगतो. २००२ मध्ये वर्ल्डकॉमच्या अंतर्गत ऑडिटरांना सापडलं तेही हेच, फक्त अब्जावधी डॉलरचं. मी बिलं मागवली. शेडचं रंगकाम, बेअरिंग बदलणं, क्रेनची सर्व्हिसिंग. नवं यंत्र एकही नाही. अकाउंट्सचे जुने साहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मॅडम, बँकेला नफा दाखवायचा होता.”

तिथे थांबलो असतो तर चुकलो असतो. वार आणि रक्कम दोन्ही सोडून मी नुसती खात्यांची तीच जोडी वर्षभर शोधली: दुरुस्ती जमा, उभारणी नावे. आणखी दोन एंट्र्या निघाल्या, १९ एप्रिलला, शुक्रवारी भर दुपारी टाकलेल्या, त्याही ३१ मार्चच्या तारखेने. ८,३७,४५० आणि ११,६२,५५०. आमच्या दोन्ही चाळण्यांतून त्या सहज सुटल्या होत्या. मुलीने कॅल्क्युलेटर ओढून बेरीज केली आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला: बरोबर २०,००,०००.

तिन्ही एंट्र्या उलटवल्या. नफा ४५ लाखांनी उतरला.