जड पाणी, हलका खिसा

वज्रेश्वरीत रूम घेऊन राहताय आणि बाथरूमला बोअरचं पाणी आहे? मग हे ओळखीचं वाटेल: साबणाला फेस नाही, बादलीवर पांढरे डाग, केस झाडूसारखे. ऑनलाइन शोधलं की शॉवर फिल्टर समोर येतो. ऑर्डर करण्याआधी एक छोटं गणित करा.

पाणी जड होतं ते त्यात विरघळलेल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे. समजा, तुमच्या पाण्यात हा जडपणा लिटरला 300 मिलिग्रॅम आहे. पाच मिनिटांच्या शॉवरला साधारण 40 लिटर पाणी लागतं, म्हणजे एका आंघोळीत 12 ग्रॅम क्षार. ते पकडायला सॉफ्टनरमधलं रेझिन लागतं. एक लिटर रेझिन ढोबळमानाने 50 ग्रॅम क्षार पकडतं, मग मिठाच्या पाण्याने धुवावं लागतं. मुठीएवढ्या कार्ट्रिजमध्ये 100 मिलिलिटर रेझिन असलं तरी ते अर्ध्या आंघोळीतच संपेल. मग ‘तीन महिने सॉफ्ट पाणी’ येणार कुठून?

या फिल्टरमध्ये बहुतेकदा कार्बन किंवा तांबं-जस्ताचे कण असतात. ते क्लोरीन कमी करतात, क्षार नाही. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तिथे थोडा उपयोग होतो. पण बोअरच्या पाण्यात कुणी क्लोरीन टाकतच नसेल, तर फिल्टरला कामच काय?

खात्री स्वतः करा. दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत फिल्टरआधीचं पाणी, दुसरीत नंतरचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाकून हलवा. दोन्हींत सारखाच दुधाळ साका आणि कमी फेस दिसला, तर जडपणा गेलेला नाही.

त्वचेचं काय? ब्रिटनमध्ये 336 एक्झिमाग्रस्त मुलांवर झालेल्या चाचणीत (2011) घरात खरा सॉफ्टनर बसवूनही नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. केसांवरच्या छोट्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. केस राठ वाटतात, त्याला साबणाचा चिकट साकाही कारणीभूत असतो.

नळाच्या पाण्यासाठी फिल्टर घेतलाच, तर कार्ट्रिज महिन्यांवर नाही, लिटरवर बदला. खोक्यावर 10,000 लिटर लिहिलंय आणि रूमवर चौघं असाल, तर रोजचे 160 लिटर धरून ते दोन महिन्यांतच संपतं. धार आधीच बारीक झाली, तर गाळ अडकलाय. सुट्टीवरून परतल्यावर कुबट वास आला, तर मुदत बाकी असली तरी बदला.

आणि बोअरवाल्यांनो, आधी साबण बदलून बघा. साबणाऐवजी सिंडेट बार किंवा बॉडीवॉश वापरला, तर साका धरत नाही. केसांना अधूनमधून लेबलवर ईडीटीए लिहिलेला शाम्पू लावा, तो क्षार बांधून धुऊन काढायला मदत करतो. कार्ट्रिजचे पैसे वाचतील ते वेगळेच.